पेल्याचा तळ

बावन्नाव्या वर्षी मी स्टीलचा एक साधा पेला समोर ठेवला, पेन्सिल घेतली आणि अर्ध्या तासात जे काढलं ते बघून घरच्यांनी विचारलं, "हा डबा आहे का?" मुलगा जरा मऊ मनाचा. तो म्हणाला, "छान आहे, आई." दोघांपैकी कोणाचं बोलणं उपयोगी पडलं, हे कळायला मला दोन महिने लागले.

शाळेत असताना चित्रकलेचा तास मलाही होता. आपल्यापैकी बहुतेकांचा असतो तसाच: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर झोपडी आणि एका बाजूला नारळाचं झाड. साताऱ्यात वाढलेल्या मुलीनं नारळ का काढावा, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. एलिमेंटरीच्या परीक्षेला वर्गातली चार-पाच मुलं बसायची, त्यांच्याकडे जलरंगांच्या ट्यूब असायच्या आणि बाकीच्यांनी आपल्याला हे येत नाही असं मनाशी धरून तो विषय मिटवून टाकायचा. मीही मिटवला होता. नोकरी संपत आल्यावर तो पुन्हा उघडला, आणि शेजारच्या गल्लीत राहणारे निवृत्त चित्रकला शिक्षक रविवारी सकाळी अर्धा तास द्यायला तयार झाले, म्हणून टिकला.

सरांनी माझा पेला पाहिला. छान म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. खिशातून सहा इंची पट्टी काढली आणि पेल्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ मोजलं. रुंदी आठ सेंटिमीटर, उंची साडेपाच. मग पेल्याच्या तळाकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, ही सरळ रेघ कुठं दिसली?"

मी म्हटलं, "सर, पेला टेबलावर उभा आहे. तळ सपाटच असणार."

"असणार," सर म्हणाले. "दिसतोय का?"

मी पाहिलं. दिसत नव्हता. तळाची पुढची कड चांगली खाली वळलेली होती, एखाद्या ताटलीच्या कडेसारखी. अर्धा तास मी त्या पेल्याकडे बघत होते आणि ती वळलेली कड मला दिसली नव्हती.

या एका चुकीवरच मला लिहायचं आहे, कारण मोठेपणी चित्र शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत ती सापडते. वरचं तोंड जरुरीपेक्षा जास्त गोल आणि तळ सरळ. तोंड गोल कारण पेल्याचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत आहे. तळ सरळ कारण पेला सपाट टेबलावर बसतो हेही माहीत आहे. दोन्ही माहित्या खऱ्या आहेत. पण आपण बसलेल्या जागेवरून दोन्ही तशा दिसत नाहीत.

रॉबर्ट थाउलेस नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1931 साली हेच मोजून दाखवलं. त्यानं लोकांसमोर एक गोल चकती तिरपी, म्हणजे पडलेल्या अवस्थेत ठेवली आणि ती त्यांना कशी दिसते ते नोंदवायला लावलं. तिरपी चकती डोळ्यात लंबवर्तुळ होऊन पोचते. लोकांनी लंबवर्तुळच सांगितलं, पण प्रत्यक्षात डोळ्यात पडणाऱ्या आकारापेक्षा जास्त फुगलेलं. उत्तर डोळ्यात पडलेला आकार आणि चकतीचा खरा गोल यांच्या मध्ये कुठंतरी पडत होतं. म्हणजे मन वस्तूच्या खऱ्या रूपाकडे ओढ घेत होतं. रोजच्या जगण्यात ही ओढ फार उपयोगाची आहे. तिच्यामुळेच तिरक्या कोनातून दिसणारी ताटली आपल्याला लंबुळकी वाटत नाही आणि तीत वाढलेलं वरण सांडत नाही. फक्त चित्र काढताना ती आड येते.

"माझा हातच वळत नाही," असं नवशिके म्हणतात. मीही म्हणत होते. डेल कोहेन आणि सुसान बेनेट या अमेरिकी संशोधकांनी 1997 साली हाच प्रश्न घेतला: समोर दिसतं ते बहुतेकांना काढता का येत नाही? हात नीट चालत नाही म्हणून, काय काढायचं आणि काय सोडायचं हे ठरवता येत नाही म्हणून, स्वतःचं चित्र चुकलंय हे दिसत नाही म्हणून, की मुळात वस्तूच चुकीची दिसते म्हणून? त्यांनी एकेक शक्यता वेगळी काढून तपासली. हाताचा दोष फार किरकोळ निघाला. मोठा वाटा वस्तू चुकीची दिसण्याचा होता. याची घरगुती परीक्षा सोपी आहे. पेल्याच्या छापील फोटोवर बटर पेपर ठेवून गिरवून पाहा. ज्या हाताला पेला जमत नव्हता त्याच हातानं बऱ्यापैकी पेला उतरतो. तो हात लग्नाच्या याद्या करतो, सुईत दोरा ओवतो, करंजीला मुरड घालतो. त्याला लंबवर्तुळ जड नाही.

तेव्हा पहिल्या रविवारी सरांनी मला रेघा मारायला दिल्याच नाहीत. पेला हातात धरून तोंड बरोबर डोळ्यांच्या उंचीवर आणायला सांगितलं. तिथं त्याचं तोंड नुसती एक आडवी रेघ होतं. मग हळूहळू खाली न्यायचं. रेघ उघडते, फट होते, फट फुगते, आणि पेला मांडीपर्यंत गेला व आपण वाकून थेट आत पाहिलं की पूर्ण गोल होतो. एकच पेला, पण त्याच्या तोंडाला ठरलेला असा आकारच नाही. तुमचा डोळा किती उंचावर आहे त्यावर तो अवलंबून. हे पाच उंचींवर करायचं, आणि प्रत्येक उंचीला फक्त तोंड काढायचं, पेला नाही. दहा मिनिटांचं काम.

आता तळाचं कोडं त्याच हालचालीत सुटतं. उभ्या पेल्यात तोंडापेक्षा तळ डोळ्यांपासून जास्त खाली असतो. जितकं खाली तितकं लंबवर्तुळ जास्त उघडं. म्हणून तळाचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त गोल असायला हवं, आणि आपण मात्र तिथं रेघ मारतो. म्हणजे वर जरुरीपेक्षा जास्त, खाली जरुरीपेक्षा कमी. चूक दोन्हीकडे, आणि उलट दिशांनी.

सरांनी माझ्या जेवणाच्या टेबलावरच्या पेल्याचा हिशेब करून दिला. आकडे दोन-चारच आहेत, तेवढे सोसून घ्या. पेला बारा सेंटिमीटर उंच, तोंड सात सेंटिमीटरचं, तळ पाचचा. मी बसले की माझा डोळा टेबलापासून साधारण सत्तेचाळीस सेंटिमीटर वर, आणि पेला माझ्यापासून साठ सेंटिमीटर लांब. अशा जागेवरून तोंडाच्या लंबवर्तुळाची उंची त्याच्या रुंदीच्या बरोबर निम्मी दिसते. तळाची मात्र रुंदीच्या सहा दशांशाहून थोडी जास्त. म्हणजे कागदावर तोंड आठ सेंटिमीटर रुंद काढलं तर ते चार सेंटिमीटर उंच हवं, आणि तळ सव्वापाच सेंटिमीटर रुंद व सव्वातीन उंच. मी तोंड साडेपाच सेंटिमीटर उंच काढलं होतं. दीड सेंटिमीटर माझ्या डोक्यातून आलं होतं.

या हिशेबाचा उपयोग चित्र काढताना करायचा नसतो, हे सरांनी दोनदा बजावलं. तो चूक किती आणि कुठल्या बाजूला हे कळण्यापुरता. काढताना माप पेन्सिलीनं घ्यायचं. चित्रकारांचे फोटो पाहिले असतील: हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी किंवा आडवी, त्यावर अंगठा सरकतोय. मला वाटायचं ती पोज असते. ते खरंखुरं मोजणं आहे. पेन्सिल आडवी धरून टोक तोंडाच्या एका कडेला, अंगठा दुसऱ्या कडेला. मग तेवढंच अंतर उभं करून पाहायचं, तोंडाची उंची त्यात किती वेळा मावते. माझ्या पेल्यात दोनदा. संपूर्ण पेला, तोंडाच्या मागच्या कडेपासून तळाच्या पुढच्या कडेपर्यंत, तोंडाच्या रुंदीच्या पावणेदोन पटींहून किंचित जास्त. ही दोन प्रमाणं मिळाली की चित्र केवढंही काढा.

यात हमखास होणारी चूक कोपराची. हात ताठ असला पाहिजे, दर वेळी तेवढाच. डोळ्यापासून पेन्सिल साठ सेंटिमीटरवर असताना कोपर नकळत वाकलं आणि पेन्सिल सहा सेंटिमीटर जवळ आली, तर माप दहा टक्क्यांनी बदलतं. रुंदी ताठ हातानं आणि उंची वाकलेल्या हातानं घेतली की प्रमाण तिथंच बिघडलं. हे कसं ओळखावं? एकच माप लागोपाठ तीनदा घ्यावं. तिन्ही वेळा अंगठा एकाच ठिकाणी आला नाही, तर कोपर हलतंय. सरांचा एक शिष्य पेन्सिलीला दोरा बांधून तो दातात धरतो. दिसतं विचित्र, पण अंतर बदलत नाही.

दुसरी चूक हाताच्या वळणाची, आणि ही मात्र खरोखरच हाताची आहे, म्हणून तिच्यावर वेगळा सराव लागतो. नवशिक्याचं लंबवर्तुळ दोन प्रकारे बिघडतं. एक करंजीसारखं: दोन कमानी काढून दोन्ही टोकांना जोडलेल्या, कडेला अणकुचीदार. दुसरं औषधाच्या कॅप्सूलसारखं: वर-खाली सरळ, कडेला अर्धगोल. खऱ्या लंबवर्तुळात टोक कुठंच नसतं आणि सरळ भागही कुठंच नसतो. करंजी होते ती बोटांनी आणि मनगटानं काढल्यामुळे. मनगट एका कमानीपुरतंच फिरतं, मग थांबून दिशा बदलतं. हात खांद्यापासून फिरवला तर रेघ न थांबता वळते. सरांची रीत अशी: कागदावर पेन्सिल टेकवायच्या आधी हवेतच दोन-तीन फेरे घ्यायचे, आणि हात फिरत असतानाच तो खाली उतरवायचा. एकाच लंबवर्तुळावरून दोन फेरे. रेघा दोन दिसल्या तरी चालतील. हळूहळू, घाबरत, खोडरबर हातात धरून काढलेली एक रेघ सर पाहतसुद्धा नसत.

रोज वीस लंबवर्तुळं, एवढाच गृहपाठ. कागदही चांगला नाही, जुन्या कॅलेंडरच्या पानांची कोरी बाजू. कार्ट्रिज पेपर विकत आणला होता, तो सरांनी कपाटात ठेवायला लावला. महाग कागदावर माणूस जपून रेघ मारतो, आणि जपून मारलेल्या रेघेतून काही कळत नाही. पेन्सिल 2 बी, वीस मिनिटं, चहानंतर. कोपऱ्यात तारीख.

आता तपासणं. रविवार आठवड्यातून एकदाच येतो, आणि मधले सहा दिवस चूक घोटत बसण्यात अर्थ नसतो, तेव्हा स्वतःचं स्वतः तपासायच्या दोन रीती सरांनी दिल्या. पहिली लंबवर्तुळासाठी. काढलेल्या आकारावर बटर पेपर ठेवून तो गिरवायचा, मग बटर पेपर अर्धा फेरा फिरवून, वरची बाजू खाली करून, पुन्हा मूळ आकारावर ठेवायचा. लंबवर्तुळ असं फिरवल्यावर स्वतःशी जुळतं. नाही जुळलं तर कुठल्या खांद्याला फुगलंय ते तिथंच दिसतं. माझं कायम उजवीकडे वर फुगलेलं असायचं. तीन दिवस पाहिल्यावर कारण कळलं: कागद मी तिरका ठेवून बसत होते.

दुसरी रीत पेल्यासाठी. जुन्या फोटोफ्रेमची काच डोळा आणि पेला यांच्यामध्ये धरायची, एक डोळा मिटायचा, हनुवटी पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून डोकं स्थिर ठेवायचं आणि व्हाइटबोर्डच्या पेननं काचेवरच पेल्याची कड गिरवायची. ही युक्ती फार जुनी आहे. ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या 1525 सालच्या पुस्तकात काचेतून पाहून चित्र काढणाऱ्या माणसाचं लाकडी ठशाचं चित्र आहे. त्यानंही डोकं हलू नये म्हणून टेकू लावलाय. काचेवर उमटतं ते उत्तर. त्याच्या शेजारी आपलं चित्र ठेवायचं.

इथं मी एक घोळ घातला. माझ्या काचेवरचं तोंड निम्म्याऐवजी रुंदीच्या जवळजवळ सहा दशांश उंच यायला लागलं आणि मला वाटलं सरांचा हिशेब चुकला. आनंदही झाला, खोटं कशाला सांगू. सर घरी आले, बघितलं आणि काचेचा वरचा काठ माझ्यापासून दूर कलता केला. मी काच खिडकीसारखी उभी धरत होते, आणि नजर तर खाली, तिरपी जात होती. काच नजरेला काटकोनात हवी. उभ्या काचेवर पडलेलं चित्र ताणलं जातं. पेन्सिलीनं मोजतानाही हेच: पेन्सिल पेल्याला समांतर धरायची नसते, नजरेला आडवी धरायची असते. मोबाइलवर फोटो काढून तपासणाऱ्यांनीही जपावं. फोटो आपल्या डोळ्याच्या जागेवरूनच घ्यायचा, पेल्याच्या जवळ जाऊन नाही. जवळ गेलं की कोन बदलतो, आणि मग बरोबर आलेलं चित्र आपण चूक समजून बिघडवतो.

काच मिळाल्यावर मी आणखी एक चूक केली, आणि ती शिकण्याच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची. मी आधी काचेवर गिरवून घ्यायला लागले आणि मग कागदावर काढायला. चित्रं झपाट्यानं सुधारली. एका आठवड्यात तोंड आठ बाय सव्वाचारवर आलं. रविवारी सरांनी काच काढून घेतली आणि पेला काढायला सांगितला. आठ बाय पाच.

अभ्यासकांना ही गोष्ट ठाऊक आहे. हालचालींची कौशल्यं माणूस कसा शिकतो यावर काम करणाऱ्या रिचर्ड श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली जुने प्रयोग पुन्हा तपासून असं मांडलं की प्रत्येक प्रयत्नाला लगेच दुरुस्ती मिळाली तर सरावादरम्यान कामगिरी छान दिसते, पण माणूस त्या दुरुस्तीवर विसंबतो, आणि ती काढून घेतली की घसरतो. पुढे 1990 साली कॅरोलिन विन्स्टीन आणि श्मिट यांच्या प्रयोगात, साधारण निम्म्याच प्रयत्नांनंतर दुरुस्ती मिळालेले लोक नंतरच्या परीक्षेत प्रत्येक वेळी दुरुस्ती मिळालेल्यांपेक्षा सरस ठरले. हे प्रयोग हाताच्या साध्या हालचालींचे होते. अनेक भाग एकदम सांभाळायचे असतात अशा अवघड कामात सुरुवातीला वारंवार मिळणारी दुरुस्ती उपयोगी पडते, असंही नंतर दिसलं आहे. तेव्हा निम्मं हा काही पक्का नियम नाही. पण क्रम पक्का आहे: आधी काढायचं, मग आपला अंदाज बोलायचा, आणि शेवटी काच.

तो मधला टप्पा, अंदाज बोलण्याचा, सरांनी घातला. तपासायच्या आधी चित्राखाली एक ओळ लिहायची: "तोंड फुगलंय" किंवा "डावी कड बाहेर गेलीय" किंवा "बरोबर वाटतंय." मग काच लावायची. पहिले पंधरा दिवस माझी ओळ आणि काच यांचं जुळतच नव्हतं. चुकलंय असं वाटायचं, पण भलतीकडेच. तिसऱ्या आठवड्यापासून जुळायला लागलं. चित्र तेव्हाही चूकच होतं, पण कुठं चूक आहे हे मला काचेआधी कळत होतं. सर त्या वहीत चित्रं पाहतच नसत, त्या ओळी वाचत.

दुसऱ्याकडून अभिप्राय कसा घ्यावा याबद्दलही मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं. ते माझ्या चित्रावर पेन्सिल लावत नसत. बटर पेपर वर पसरून त्यावर दुरुस्ती काढत, आणि मग तो उचलून माझ्या हातात देत. दोन्ही चित्रं शाबूत. दर रविवारी एकच गोष्ट. छायेबद्दल विचारलं की म्हणत, "तळ बसल्यावर." आणि मी काय विचारावं यावरही त्यांचा कटाक्ष होता. "कसं झालंय?" याला उत्तर मिळणार नाही. "तोंडाची उंची जास्त आहे का?" याला मिळेल. कसं झालंय असं विचारलं की माणूस तुमच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतो. माझा मुलगा तेच करत होता. डबा आहे का असं विचारणाऱ्यानं मात्र चित्राकडे पाहून उत्तर दिलं होतं, आणि ते अचूक होतं. तोंड फुगलं, तळ सरळ झाला आणि निमुळतेपणा हरवला की पेल्याचा डबाच होतो.

सगळ्यांजवळ असे सर नसतात. मग एकमेकांची चित्रं पाहणारे दोघं नवशिकेही पुरतात, पण एका अटीवर: दोघांनी एकच वस्तू, एकाच खुर्चीत बसून काढलेली असावी. नाही तर चर्चा आवडीनिवडीवर जाते. हेही जमत नसेल तर आरसा आहे. चित्र आरशात धरून पाहिलं की ओळखीचं चित्र परकं होतं आणि एका बाजूला कललेला पेला चटकन दिसतो. लिओनार्दो दा विंचीनं चित्रकारांसाठी लिहून ठेवलेल्या सूचनांमध्ये आरशाचा हा सल्ला आहे.

चौथ्या आठवड्यात पेल्याच्या जागी तांब्या आला, आणि मी पुन्हा पहिल्या दिवसावर गेले. तांब्याचं तोंड, मान, पोट आणि तळ, चार लंबवर्तुळं, प्रत्येक वेगळ्या उंचीवर, म्हणून प्रत्येकाचं उघडणं वेगळं. तोंड पुन्हा फुगलं. मला वाईट वाटलं, सरांना नाही. त्यांचं म्हणणं, ओळखीच्या पेल्याचं तोंड मी बघत नव्हते, आठवत होते; आठ बाय चार पाठ झालं होतं. म्हणून वस्तू बदलायची असते. त्यानंतर तीन दिवस तांब्या, तीन दिवस पेला, असं आलटून-पालटून सुरू झालं.

मग पेला आडवा पाडला. इथं एक नियम आहे, तो माहीत असला की पुष्कळ त्रास वाचतो. पेल्याच्या मधोमध, तोंडापासून तळापर्यंत जाणारी एक रेघ मनात धरा, कण्यासारखी. लंबवर्तुळाची लांब बाजू त्या कण्याला नेहमी काटकोनात असते. पेला उभा तर लंबवर्तुळ आडवं. पेला तिरका पडला की लंबवर्तुळही तेवढंच तिरकं. नवशिका पडलेल्या पेल्याचं तोंड सरळ उभं काढतो, आणि मग पेला मोडल्यासारखा दिसतो. मी आधी कणा काढते, फिकट, मग त्याला आडवी काटकोनातली रेघ, आणि तिच्यावर लंबवर्तुळ. कपाच्या कानासाठी वेगळी युक्ती लागते. तिथं कान न काढता कानाच्या आतली रिकामी जागा काढायची, कारण त्या रिकाम्या जागेला नाव नाही आणि तिच्याबद्दल डोक्यात काही आधीपासून ठरलेलं नाही.

याच कल्पनेवर बेटी एडवर्ड्स या अमेरिकी शिक्षिकेचं 1979 सालचं गाजलेलं पुस्तक उभं आहे. तिचा प्रसिद्ध सराव म्हणजे पिकासोनं काढलेलं स्ट्राव्हिन्स्की या संगीतकाराचं रेखाचित्र उलटं ठेवून उतरवायचं. उलट्या चित्रात नाक, हात, खुर्ची ओळखू येत नाही, नुसत्या रेघा उरतात, आणि नवशिक्यांनाही ते थक्क होण्याइतकं जमतं. मेंदूची उजवी बाजू चित्रकार आणि डावी हिशेबनीस, असं तिचं स्पष्टीकरण आज शास्त्रज्ञ तसं मान्य करत नाहीत. सराव मात्र कामाचा आहे. एवढंच की उलट्या चित्राची नक्कल जमली म्हणून समोरचा पेला जमतो असं नाही. कागदावरचं चित्र आधीच सपाट झालेलं असतं. पेल्याला सपाट करण्याचं काम तुमचं असतं, आणि चूक नेमकी तिथंच होते.

ही मनाची ओढ पूर्ण जाते का? मुरलेल्या चित्रकारांची नजर यातून सुटलेली असते का, यावर नंतरच्या प्रयोगांचं एकमत नाही. सरांनी चाळीस वर्षं मुलांना वस्तुचित्र शिकवलं, तरी ते स्वतः चित्र काढताना पेन्सिल हात ताठ करून धरतातच. कारण विचारलं तर म्हणाले, "मलाही ते गोलच दिसतं, ताई. पण मी त्यावर विश्वास ठेवत नाही."

वही आता भरत आली आहे. पहिल्या पानावर 8 बाय 5.5, तळ सरळ. शेवटच्या पानावर, काच न लावता, 8 बाय 4.2, तळाची उंची तीन. खाली माझी ओळ आहे: "तोंड किंचित फुगलंय, तळ कमी पडला." काच लावून पाहिली. दोन्ही बरोबर होतं.

तुमच्या स्वयंपाकघरात पेला आहेच. आज तो टेबलावर ठेवा, खुर्चीची जागा खडूनं आखून घ्या, एकदा काढा आणि कोपऱ्यात तारीख घाला. मोजायचं उद्या.